चालेल म्हणजे किती तास

पेट्रिशिया मिस्किटाला कुणीही काहीही विचारलं की तिच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा. चालेल. दिवाळीचा बोनस जानेवारीत दिला तर? चालेल. नणंद महिनाभर राहायला येतेय. चालेल. तिला सगळं चालत होतं अशातला भाग नाही. पण समोरच्याचं उतरलेलं तोंड तिला बघवायचं नाही, आणि नाही म्हटल्यावर जी वादावादी सुरू होते तिचा तिला मनापासून कंटाळा होता. मरोळच्या पारुळेकर लॅबचं ऑफिस तिने बावीस वर्षं सांभाळलं ते ह्या एका शब्दावर, असं म्हटलं तरी चालेल.

एप्रिलमध्ये ह्याच शब्दाने तिला गोत्यात आणलं.

लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासण्याची. मोठ्या पारुळेकर डॉक्टरांनी काढलेली, आता त्यांचा मुलगा हर्षद बघायचा. लॅबचं निम्मं काम अंधेरीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं. सकाळी तिथून नमुने यायचे, आणि तपासणी झाली की रिपोर्ट इंटरनेटवरून थेट हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये जायचे. डॉक्टर तिकडे पेशंटच्या उशाशी उभे राहून ते वाचायचे. त्यासाठी लॅबने भाड्याने एक खास लाइन घेतली होती. महिन्याला चोवीस हजार रुपये, आणि करारात ठळक अक्षरांत लिहिलेलं: ९९.५ टक्के वेळ सेवा चालू राहील.

एका सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली. पेट्रिशियाने लगेच कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर घेतला. तिथे तिचं काहीच चुकलं नाही. कंपनीचा इंजिनियर निहार दोन तासांनी एक डोंगल घेऊन आला, ते जोडलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पळाला. जाता जाता त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘मॅडम, मेन लाइनला वेळ लागेल. तोपर्यंत डोंगलवर चालेल ना?’

पेट्रिशियाच्या एका कानात तेव्हा हॉस्पिटलची सिस्टर ओरडत होती. समोर टेबलावर छापलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पंचिंग मशीन. तिने डाव्या अंगठ्याने लिहिलं, ‘चालेल.’

डोंगलवर बातम्या उघडत होत्या, गाणी वाजत होती, सगळं होत होतं. फक्त रिपोर्ट जात नव्हते. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला लॅबच्या जुन्या लाइनचा पत्ता ठाऊक होता. डोंगलचा पत्ता वेगळा, म्हणून तो दार उघडेना. पेट्रिशियाने निहारला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मग मेन लाइन येईपर्यंत थांबायला लागेल. चकाल्याला आमचंच मशीन जळालंय.” शेवटी बाइकवाले बोलावून कागदी रिपोर्ट पाठवले. लाइन परत आली तेव्हा अडीच वाजले होते.

इतपत सगळं निभावलं असतं. पण महिना संपला आणि हिशेबाची वेळ आली.

“९९.५ टक्के लिहून दिलंय ना त्यांनी?” हर्षद डॉक्टर म्हणाला. “मग वसूल करा. आख्ख्या दिवसाचं नुकसान लावा. बाइकवाल्यांचेच नऊ हजार गेलेत.”

पेट्रिशियाने करार उघडून त्याच्यासमोर ठेवला. रविवारची दुपार घालवून तिने तो वाचला होता.

“डॉक्टर, एप्रिलचे तास सातशेवीस. त्यातला अर्धा टक्का म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं. तेवढा वेळ लाइन बंद राहिली तर ते वचन मोडलं असं धरतच नाहीत.”

“म्हणजे दर महिन्याला साडेतीन तास बंद ठेवायला मोकळे?”

“हो. आपली पाच तास वीस मिनिटं बंद होती. म्हणजे ९९.२६ टक्के. त्यांच्या तक्त्यात ९९.५ च्या खाली, पण ९९ च्या वर, असं बसतं. त्याला महिन्याच्या भाड्याचे पाच टक्के.”

डॉक्टरने मनातल्या मनात आकडा केला. “बाराशे?”

“बाराशे. आणि तेही हातात नाही. पुढच्या बिलातून वजा. धंद्याचं नुकसान भरून देणार नाही, ह्या बाराशेपलीकडे काही मागायचं नाही, असं खाली लिहिलंय. आणि आपणहून मागितलं तरच. महिना संपल्यावर पंधरा दिवसांत लेखी.”

“मग सोडून टाकू ही कंपनी. आजच.”

“आज सोडली तर पुढचं बिल येणार नाही. मग वजा कशातून करणार?”

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढी शिकलेली माणसं असा चष्मा काढून ठेवतात तेव्हा समजावं की त्यांना आता दुसऱ्या कुणाचा तरी राग काढायचा आहे.

“बाराशे गेले खड्ड्यात,” तो म्हणाला. “मला कागद पाहिजे. हॉस्पिटलने उशिराच्या रिपोर्टांबद्दल विचारलंय. लाइन बंद होती हे इंटरनेट कंपनीने लेखी दिलं तर ते सोडून देतील. नाहीतर चूक लॅबची. ह्याच महिन्यात आपलं काम नव्याने ठरणार आहे, पेट्रिशियामॅडम. हे तुम्ही हाताळा.”

तो तिला मॅडम म्हणाला, तिथेच ती काय ते समजली. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये तो लॅबमध्ये यायचा तेव्हा ‘पेट्रिशिया आंटी’ म्हणत तिच्या टेबलाखाली लपायचा. डॉक्टर झाल्यावर गोड बोलायचं असेल तेव्हा आंटी, आणि चिडला की मॅडम.

शिवाय त्याच महिन्यात पेट्रिशियाचंही काही तरी ठरायचं होतं. मेच्या अखेरीला तिला अठ्ठावन्न पूर्ण व्हायची होती. डॉक्टरने मुदत वाढवून द्यायचं कबूल केलं होतं, तोंडी. तिला खरं तर काम पुरे झालं होतं. गुडघे बोलायचे, डोळे थकायचे. पण मरोळ गावठाणातल्या घरात तिचा नवरा रुडॉल्फ होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली ती लॅबच्या मेडिक्लेमवर, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एक झडपही कधी ना कधी बदलावी लागेल. ह्या वयात, ह्या हृदयाला, बाहेर कुठलीही विमा कंपनी उभी करत नव्हती. पेट्रिशियाची नोकरी म्हणजे रुडॉल्फचा मेडिक्लेम. बाकी पगार वगैरे ठीक.

तिने लेखी मागणी पाठवली. पाचव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत, सभ्य, गुळगुळीत. एप्रिलमध्ये सेवा एकूण दोन तास बंद होती. उपलब्धता ९९.७२ टक्के. वचन पाळलं गेलं आहे, भरपाई देय नाही. खाली घटनेची नोंद होती. नऊ दहाला तक्रार. अकरा दहाला पर्यायी जोडणी, आणि त्यापुढे, ‘सेवा चालू असल्याचं ग्राहकाने कळवलं. घड्याळ थांबवलं.’

पेट्रिशियाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मी कधी कळवलं? मग तिने ग्रुप उघडला, वर सरकवत गेली, आणि तो एक शब्द तिच्याकडे बघत बसला होता.

डॉक्टरने कागद वाचला आणि आवाज अजिबात चढवला नाही. तिला वाटलं, ओरडला असता तर बरं.

“कंपनी म्हणते दोन तास. आपले रिपोर्ट उशिरा गेले पाच तासांनी. मधले तीन तास वीस मिनिटं कुणाची?” तो थांबला. “तुमची. तुम्ही चालेल म्हटलंत. मुदतवाढीचं आपण नंतर बघू.”

त्या संध्याकाळी रुडॉल्फने विचारलं, “काय गं, बोलत नाहीस ती?” ती म्हणाली, “डोकं दुखतंय.” त्याने तिच्यासाठी चहा केला, आणि साखर घालायला विसरला. चालेल, म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून स्वतःच साखर घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या नंदकिशोर तावड्याला फोन लावला. लॅबचं खातं त्याच्याकडे होतं. मूळचा मालवणकडचा, आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, आणि हा इंटरनेट कंपनीत, लोकांच्या शिव्या खायला. पंचेचाळिशीतच त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. साकीनाक्याहून तो चालत आला, रुमालाने मान पुसत खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मॅडम, आधी पाणी द्या, मग काय बोलायचं ते बोला.”

पेट्रिशियाने पाणी दिलं. तिने फोन त्याच्यासमोर धरला.

“बघितलंय मी,” तो म्हणाला. “वाट लावलीत तुम्ही तुमची. करारात असंय, मेन लाइन असू दे नाहीतर डोंगल, गिऱ्हाइकाने चालू आहे म्हटलं की घड्याळ थांबतं.”

“मी चालू आहे म्हटलं नाही.”

“तुम्ही चालेल म्हटलंत.”

“अहो नंदकिशोर, तुम्ही मराठी ना? चालेल म्हणजे चालतंय का?”

तो हसला, पण त्यात दम नव्हता. “मला नका सांगू. तक्रारी बंद करणारी माणसं तिकडे लांब बसतात. मराठी कुणाला येत नाही. ग्रुपमधले मेसेज मशीनमधून भाषांतर करून नोंदीला चिकटवतात. तुमच्या चालेलचं काय झालं माहितीय? ‘इट विल वर्क.’ पुढे त्यांनीच जोडलं, कस्टमर कन्फर्म्ड. निहारने पण वाचलं नाही, बंद करून टाकलं. त्याला त्या दिवशी अजून नऊ ठिकाणी जायचं होतं.”

“मग आता?”

“आता काय? बाराशे रुपयांसाठी लोक भांडत नाहीत, मॅडम. निम्मे तर मागतच नाहीत. जे मागतात ते पहिल्या नकाराला गप्प बसतात. असंच चालतं सगळं.”

“मला बाराशे नकोत,” पेट्रिशिया म्हणाली. “मला ती तीन तास वीस मिनिटं पाहिजेत. कागदावर. नाहीतर ती माझ्या नावावर चढतायत.” आणि मग तिने रुडॉल्फचं सांगितलं. परक्या माणसाला सांगायची तिची रीत नव्हती. सांगून झाल्यावर तिला शरम वाटली, आणि हायसंही वाटलं.

नंदकिशोर बराच वेळ पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. त्याच्याही डोक्यात हिशेब चालू असणार. लॅबचं वचन मोडलं अशी नोंद झाली की ती त्याच्या खात्यावर पडणार, वर्षाच्या शेवटी त्याला कुणीतरी बोलावून विचारणार.

“बरं झालं आमचं मशीन जळालं,” तो शेवटी म्हणाला. “कुणी रस्ता खोदताना वायर तोडली असती ना, तर तो वेळ मोजलाच नसता. करारात वगळलाय. इथे निदान चूक आमची आहे.” त्याने ग्लास खाली ठेवला. “रिपोर्ट पाठवायचा तुमचा जो प्रोग्राम आहे, तो जमलं नाही की कुठे नोंद ठेवतो?”

ठेवत होता. दर पाच मिनिटांनी एक प्रयत्न, प्रत्येकापुढे लाल फुली. अकरा दहानंतर अडीचपर्यंत फुल्याच फुल्या. पेट्रिशियाने त्या छापून दिल्या.

“हे झालं पुराव्याचं. आता राहिला तो शब्द.” त्याने लॅपटॉप उघडला. “माझ्या नावाने लिहून द्यावं लागेल. मराठी माणूस म्हणून. चालेल म्हणजे काय, ते.”

दोघं विचार करत बसले. आणि गंमत बघा, जन्मभर वापरलेला शब्द, पण त्याचा अर्थ सांगायला दोघांना जमेना. नंदकिशोर म्हणाला, होकार. पेट्रिशिया म्हणाली, होकार लिहिलं तर त्यांच्याच पथ्यावर पडेल. ती म्हणाली, परवानगी. तो म्हणाला, तेही नको. बाहेर रिसेप्शनवर कुणी तरी उपाशीपोटी रक्त द्यायला आलं होतं आणि रांगेवरून कुरकुरत होतं. पंखा कुरकुरत होता. नंदकिशोरने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग स्क्रीन तिच्याकडे वळवून त्याने इंग्रजीतलं मराठीत वाचून दाखवलं.

“‘मराठीत ह्या शब्दाने एखादी वस्तू चालू असल्याचं कळत नाही. बोलणाऱ्याची सोसायची तयारी आहे, एवढंच कळतं.’ बरोबर आहे का?”

पेट्रिशियाने मान हलवली. बावीस वर्षांत कुणी तिला हे सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते इंटरनेटच्या माणसाने, कंपनीच्या फॉर्ममध्ये.

“माझी आई पण असंच म्हणायची,” नंदकिशोर लॅपटॉप मिटत म्हणाला. “सगळ्याला. आम्हाला वाटायचं तिला खरंच चालतंय.”

पाठवल्यानंतर आठवडा गेला. त्या आठवड्यात कंपनीकडून तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळे प्रश्न विचारले, तीनही प्रश्नांची उत्तरं पहिल्याच मेलमध्ये होती, आणि पेट्रिशियाने तीनदा तीच उत्तरं दिली. डॉक्टर तिच्याशी कामापुरतं बोलत होता. मग एका दुपारी पत्र आलं. फेरतपासणीनंतर सेवा पाच तास वीस मिनिटं बंद असल्याचं मान्य. उपलब्धता ९९.२६ टक्के. पाच टक्के भरपाई, रुपये बाराशे, पुढील बिलात वजा. सोबत नंदकिशोरचा एका ओळीचा मेसेज होता: ‘मॅडम, घड्याळ परत चालू केलं.’

बाराशे रुपये! दोन आठवड्यांची झोप, रविवारच्या दुपारी, नंदकिशोरच्या नावावर पडलेली लाल रेघ, आणि त्याच्या बदल्यात बाराशे, तेही कागदावरच. पेट्रिशियाला हसू आलं नाही. तिने पत्राची प्रत काढली आणि हॉस्पिटलला पाठवून दिली. दोन दिवसांत त्यांचं उत्तर आलं, उशिराच्या रिपोर्टांचा विषय संपला. त्यानंतरच्या आठवड्यात वर्षभराचं काम परत लॅबला मिळालं.

डॉक्टरने तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा होता.

“घ्या आंटी, पेढा घ्या,” तो म्हणाला.

आंटी! पेट्रिशियाने पेढा घेतला आणि उभीच राहिली. केबिनमध्ये ती नेहमी उभीच राहायची. मोठ्या डॉक्टरांच्या वेळेपासून तसंच होतं.

“मस्त हाताळलंत तुम्ही. मी ओळखून होतो. आता तुमचंही मिटवून टाकू. अठ्ठावन्नानंतर तुम्हाला कंत्राटावर घेतो, दोन वर्षं. पगार तोच. काम तेच. टेबल पण तेच.” तो हसला. “फक्त एक आहे, आंटी. कंत्राटावरच्या माणसाचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये राहत नाही. ते जूनपासून निघेल. अकाउंट्सवाले म्हणतात पगारपत्रकावर ठेवलं तर खर्च वाढतो. तेवढं एक. चालेल ना?”

त्याने विचारलं ते मुळात विचारायचं म्हणून नव्हतंच. त्याचा पुढचा कागद हातात घेऊनही झाला होता. बावीस वर्षं ह्या बाईने एकच उत्तर दिलं होतं, तेव्हा त्याचीही चूक म्हणता येणार नाही.

शब्द तिच्या जिभेवर आला. सवयीने, आपोआप आला. पेढ्याचा गोडवा अजून तोंडात होता. नाही म्हटलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. त्याचं तोंड उतरेल, पेढ्यांवर पाणी पडेल, वादावादी होईल. आणि तिला गावठाणातल्या घरात बिनसाखरेचा चहा घेऊन उभा असलेला रुडॉल्फ दिसला.

“नाही चालणार, डॉक्टर.”

हर्षदने वर बघितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं असावं. “काय म्हणालात?”

पेट्रिशियाने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. गुडघा करकरला. हातातला उरलेला अर्धा पेढा तिने बॉक्सच्या झाकणावर ठेवला.

“नाही चालणार,” ती म्हणाली. “नीट लिहून घ्या.”